सहल पुढे गेली, गटाची रेल्वे तिकिटं रद्द करायची आहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेची, कॉलेजची, ज्येष्ठ नागरिक संघाची किंवा सोसायटीची सहल पुढे ढकलली की तिकिटं ज्याने काढली त्याच्या डोक्यावर सगळा भार येतो. पैसे चाळीस जणांचे असतात आणि खिडकीवर उभा एकटाच असतो. खाली मुख्यतः रेल्वेच्या आरक्षण खिडकीवरून काढलेल्या कागदी तिकिटांबद्दल लिहिलं आहे, कारण गटाची तिकिटं बहुतेक वेळा तिथूनच निघतात आणि गोंधळही तिथेच होतो. ई-तिकीट आणि एजंटाचं तिकीट यांच्यासाठी वेगळे प्रश्न पुढे आहेत. कपातीचे आकडे 2015 साली लागू झालेल्या परतावा नियमांतले आहेत. काही नव्या गाड्यांना वेगळे टप्पे आहेत आणि नियमांत फेरफारही होतात, म्हणून रद्द करायच्या दिवशी आपल्या गाडीला कोणते टप्पे लागू आहेत ते खिडकीवर किंवा 139 वर एकदा विचारून घ्या.

सहल रद्द झालेली नाही, फक्त पुढे गेली आहे. रेल्वे तिकिटं पुढच्या तारखेला वापरू देईल का?

आपोआप नाही. सहल का पुढे गेली याच्याशी रेल्वेला कर्तव्य नसतं. परीक्षेचं वेळापत्रक बदललं, कुणाच्या घरी वाईट घडलं, पाऊस लागला, निवडणूक लागली, कारण काहीही असो, तिच्या लेखी दोनच गोष्टी असतात: तिकीट रद्द झालं की नाही, आणि झालं तर गाडी सुटायला किती तास उरले होते.

तारीख बदलण्याची एक सोय मात्र आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. खिडकीवरून काढलेल्या आरक्षित तिकिटाची तारीख एकदा बदलून मिळते. त्यासाठी मूळ तिकीट गाडीच्या वेळेच्या किमान 48 तास आधी, आरक्षण केंद्र उघडं असताना, खिडकीवर द्यावं लागतं. वर्ग तोच किंवा वरचा हवा आणि नव्या तारखेला जागा शिल्लक हवी. आरक्षण शुल्क आणि भाड्यातला फरक भरावा लागतो, पण रद्दीकरणाची कपात वाचते. तत्काळ तिकिटाला ही सोय नाही.

गटाचं घोडं इथे दोन ठिकाणी अडतं. नव्या तारखेला एकाच गाडीत चाळीस बर्थ मोकळे मिळणं कठीण असतं. शिवाय 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाच्या फक्त 60 दिवस आधी उघडतं. डिसेंबरची सहल मार्चवर गेली, तर मार्चची तारीख संगणकात आलेलीच नसते आणि बदलायला काही उरत नाही. अशा वेळी सरळ रद्द करा. सहल पंधरा-वीस दिवसांनीच पुढे गेली असेल, तर रद्द करण्याआधी नव्या तारखेची उपलब्धता जरूर बघा. आणि निम्म्या गटाला तरी जागा मिळत असेल, तर निम्म्या तिकिटांची तारीख बदलून उरलेली रद्द करता येतात, कारण प्रत्येक पीएनआरचा हिशोब स्वतंत्र असतो.

आमचा गट 42 जणांचा आहे. मग एकच अर्ज देऊन सगळी तिकिटं एकदम रद्द होतील ना?

नाही. आपल्यासाठी तो एक गट असतो, रेल्वेच्या संगणकात मात्र ती सात वेगवेगळी तिकिटं असतात. एका पीएनआरवर जास्तीत जास्त सहा प्रवासी बसतात. तिकिटं काढताना संस्थेचं पत्र आणि नावांची यादी देऊन तुम्ही परवानगी घेतली असेल, तरी प्रत्येक सहा जणांमागे एक आरक्षण अर्ज भरला होता, तसाच आता प्रत्येक पीएनआरमागे एक रद्दीकरण अर्ज भरायचा. फॉर्म तोच असतो, आरक्षणाचा आणि रद्द करण्याचा.

हे नीट ध्यानात घेतलं की पुढचं बरंच सोपं होतं. घरून निघण्यापूर्वी एका कागदावर सातही पीएनआर लिहा. प्रत्येकासमोर गाडी, तारीख, वर्ग, भरलेली रक्कम आणि सहापैकी कोण पक्कं, कोण आरएसी, कोण वेटिंगवर हे त्या दिवशीची स्थिती बघून लिहा. तिकिटावर छापलेली स्थिती जुनी असते, मधल्या काळात वेटिंगवाले पक्के झालेले असू शकतात. परतीची तिकिटं असतील तर त्यांची वेगळी यादी करा. त्यांचे तास परतीच्या गाडीच्या वेळेपासून मोजले जातात, म्हणून घाई आधी जाण्याच्या तिकिटांची करायची.

नेमके किती पैसे कापले जातात?

पक्क्या तिकिटाला माणशी किमान कपात अशी आहे: द्वितीय श्रेणी बैठक 60 रुपये, स्लीपर 120, एसी थ्री टियर आणि चेअर कार 180, एसी टू टियर 200, एसी फर्स्ट 240. एसी वर्गांना यावर जीएसटी लागतो, स्लीपरला लागत नाही. गाडी सुटायला 48 तासांपेक्षा जास्त वेळ असेल तर एवढीच कपात. 48 ते 12 तासांच्या मध्ये भाड्याच्या 25 टक्के, 12 ते 4 तासांच्या मध्ये 50 टक्के, पण वर दिलेल्या किमान रकमेपेक्षा कमी कधीच नाही. 4 तासांच्या आत पक्क्या तिकिटाला काहीच परत मिळत नाही. आरएसी आणि वेटिंगच्या तिकिटावर गाडी सुटण्याच्या 30 मिनिटं आधीपर्यंत माणशी 60 रुपये क्लर्केज कापून बाकीचे मिळतात. पक्कं तत्काळ तिकीट असेल तर परताव्याची आशा नको.

«किमान रकमेपेक्षा कमी नाही» या शब्दांमुळे एक गोष्ट घडते, ती स्वस्त तिकिटांच्या गटाने ओळखून ठेवावी. स्लीपरचं भाडं समजा 400 रुपये आहे. त्याचे 25 टक्के म्हणजे 100 रुपये, पण किमान कपात 120. म्हणजे 50 तास आधी रद्द करा किंवा 15 तास आधी, 120 रुपयेच जाणार. स्लीपरचं भाडं 480 च्या वर गेलं तरच 48 तासांची रेषा खिशाला जाणवते. एसी थ्री टियरला हीच रेषा 720 रुपयांवर आहे आणि तिथे तर भाडं सहसा त्याहून जास्तच असतं. 1,100 रुपयांच्या तिकिटावर 48 तासांपूर्वी 180 कापले जातात, नंतर 275 आणि 12 तासांच्या आत 550. म्हणून एसीने जाणाऱ्या गटाने 48 तास सांभाळायचे आणि स्वस्त स्लीपरच्या गटाने 12 तास. अर्थात तारीख बदलून घ्यायची असेल तर 48 तास दोघांनाही सारखेच.

एका तिकिटावर चार पक्के आणि दोन वेटिंग आहेत. त्याचं काय?

हा या पानावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. कुटुंबाच्या किंवा गटाच्या एकाच तिकिटावर काही जण पक्के आणि काही आरएसी किंवा वेटिंगवर असतील, आणि सगळेच्या सगळे प्रवास रद्द करत असतील, तर पक्क्या प्रवाशांनाही फक्त क्लर्केज लागतं. अट एवढीच की संपूर्ण तिकीट गाडी सुटण्याच्या 30 मिनिटं आधीपर्यंत रद्द झालं पाहिजे. सहा जणांचे मिळून 360 रुपये जातात. चार पक्क्यांचे 120 प्रमाणे आणि दोघांचे 60 प्रमाणे असे 600 नाही.

फरक लहान वाटतो, पण शेवटच्या चार तासांत तो फार मोठा होतो. पक्क्या तिकिटाचं सगळं भाडं बुडालेलं असताना अशा मिश्र तिकिटावर मात्र माणशी 60 वजा जाता पैसे परत येतात. चार्ट लागताना ते दोघं पक्के झाले तर ही सवलत उरत नाही, हेही धरून चाला.

म्हणूनच अशा तिकिटातून आधी वेटिंगवाल्या दोघांना काढून टाकण्याची चूक करू नका. «वेटिंगवाले तर जाणारच नव्हते, त्यांचं आधी करून टाकू» असं म्हणून त्यांची नावं रद्द केली की मागे चार पक्के उरतात आणि त्यांना पक्क्याची कपात लागते. मिश्र तिकीट अखंड रद्द करायचं.

42 जणांचा हिशोब करून दाखवाल का?

उदाहरण घेऊ. पुण्याहून हैदराबादला जाणारी सहल, स्लीपर वर्ग, भाडं सोयीसाठी माणशी 400 रुपये धरलं आहे. सात तिकिटं, भरलेली रक्कम 16,800. पहिली पाच तिकिटं पूर्ण पक्की, सहाव्यावर चार पक्के आणि दोन वेटिंग, सातवं सगळं वेटिंग. गाडी रविवारी रात्री 10:20 ला सुटते. सहल पुढे ढकलल्याचं शुक्रवारी दुपारी ठरलं.

शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी रद्द केलं, तर पहिल्या तीस जणांचे 120 प्रमाणे 3,600, सहाव्या तिकिटाचे 360 आणि सातव्याचे 360. एकूण कपात 4,320, हातात 12,480. रविवारी सकाळी 10:20 उलटल्यावर गेलात, तर तीस जणांना निम्मं भाडं लागतं, म्हणजे 6,000. सहाव्या-सातव्याचे 720 तेवढेच राहतात. हातात येतात 10,080. रविवारी संध्याकाळी 6:20 नंतर तीस जणांचे 12,000 पूर्ण बुडतात आणि शेवटच्या दोन तिकिटांचे 4,080 तेवढे सुटतात.

आता घड्याळासोबत खिडकीची वेळही बघा. आरक्षण केंद्रं साधारणपणे सकाळी 8 ते रात्री 8 आणि रविवारी दुपारी 2 पर्यंत उघडी असतात, लहान गावांत त्याहून कमी वेळ. नियमाने 50 टक्के मिळण्याची मुदत रविवारी संध्याकाळी 6:20 पर्यंत असली, तरी तुमच्या गावची खिडकी दुपारी 2 लाच बंद झालेली असेल. तारीख बदलायची असती तर शुक्रवारी रात्री 10:20 ची मुदत प्रत्यक्षात शुक्रवारी रात्री 8 लाच संपली असती. शनिवारी सकाळीच जाऊन रांगेत उभं राहणं हा या उदाहरणातला शहाणपणाचा मार्ग. सात अर्ज आधी भरून न्यावेत, आणि मागे उभ्या असलेल्या लोकांचा विचार करून एखादा मदतनीस सोबत न्यावा.

खिडकी बंद आहे आणि मुदत संपत आली आहे. काय करू?

खिडकीचं तिकीटसुद्धा आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून किंवा 139 वर फोन करून रद्द करता येतं. पक्क्या तिकिटासाठी ही सोय गाडी सुटण्याच्या 4 तास आधीपर्यंत आहे. पीएनआर, गाडीचा क्रमांक दिला की आरक्षण अर्जात लिहिलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तो टाकला की जागा सुटते आणि परताव्याची रक्कम कळते.

यात दोन अडचणी हमखास येतात. पहिली मोबाइल क्रमांकाची. सात अर्ज सात जणांनी भरले असतील तर ओटीपी सात फोनवर जातात, आणि त्यातला एखादा क्रमांक चुकीचा किंवा बंद असला तर ते तिकीट असं रद्दच होत नाही. दुसरी म्हणजे अशा पद्धतीने पूर्ण तिकीटच रद्द होतं, सहापैकी दोघांना वगळणं जमत नाही.

शिवाय नुसतं रद्द झाल्याने पैसे हातात येत नाहीत. मूळ कागदी तिकीट घेऊन, प्रवास जिथून सुरू होणार होता त्या स्टेशनच्या किंवा त्याच्या लगतच्या आरक्षण केंद्रावर, दिलेल्या मुदतीत जावं लागतं. ही मुदत तासांत मोजली जाते. रात्री सुटणाऱ्या गाडीचं असेल तर दुसऱ्या दिवशी खिडकी उघडताच हजर राहा. पुण्याहून बसणार होतात आणि राहता साताऱ्याला, तर पैसे घ्यायला कोण जाणार हे रद्द करण्याआधीच ठरवा.

वेटिंगचं तिकीट होतं, ते आपोआप रद्द होऊन पैसे येतील का?

ई-तिकीट असेल आणि चार्ट लागल्यावरही सगळेच वेटिंगवर राहिले असतील तर येतात. खिडकीच्या कागदी तिकिटाचे येत नाहीत. ते गाडी सुटण्याच्या 30 मिनिटं आधीपर्यंत स्वतः रद्द करावं लागतं. पक्क्या तिकिटांच्या गडबडीत वेटिंगचं सातवं तिकीट फाइलमध्येच राहून गेल्याचं अनेक सहलींत होतं, आणि नंतर त्याचे पैसे मिळवणं अवघड जातं.

संस्थेच्या लेटरहेडवर स्टेशन मास्तरांना विनंतीपत्र दिलं तर कपात माफ होते का?

होत नाही, आणि या पत्रापायी लोकांचे पैसे बुडतात म्हणून हे स्पष्ट लिहितो. मुख्याध्यापकांची सही, शिक्का, जावक क्रमांक या सगळ्यात एक दिवस जातो. पत्र देऊन माणूस घरी येतो आणि उत्तराची वाट बघतो. तिकडे तास मोजले जातच असतात. पत्र दिलं म्हणून तिकीट रद्द झालेलं नसतं, आणि कपात माफ करण्याचा अधिकार खिडकीवरच्या माणसाला नसतो. मुदतीत रद्द करायला पत्र लागतच नाही, मूळ तिकीट आणि भरलेला फॉर्म पुरतो. आधी तिकीट रद्द करा, पावती घ्या, आणि कपात चुकीची वाटली तर मग लिहा.

पत्र लागतं ते तीन वेळा: ज्याच्या नावावर तिकिटं काढली तो न येता दुसराच कोणी येतो तेव्हा अधिकारपत्र म्हणून, विद्यार्थ्यांची नावं बदलताना, आणि टीडीआर घेतल्यानंतर परताव्याचा दावा करताना.

टीडीआर म्हणजे काय आणि तो केव्हा घ्यायचा?

खिडकीवर नियमाने परतावा देता येत नाही किंवा त्याबद्दल वाद आहे, अशा वेळी तिकीट जमा करून घेऊन जी पावती देतात तिला टीडीआर म्हणतात. सहल पुढे गेली एवढ्यासाठी टीडीआर घेऊन उपयोग नाही, दावा फेटाळला जातो. रेल रोको, बंद, पूर अशा कारणाने तुम्हाला स्टेशनपर्यंत किंवा आरक्षण केंद्रापर्यंत पोहोचताच आलं नाही, तेव्हा त्याला अर्थ असतो. पुराने रस्ते बंद पडले आणि सहल त्यामुळेच पुढे गेली, तर हा मार्ग आपला आहे. गाडी सुटण्याच्या दिवसानंतर तीन दिवसांच्या आत टीडीआर घ्या आणि दहा दिवसांच्या आत अर्ज करा. दहा दिवस प्रवासाच्या तारखेपासूनच मोजलेले बरे. अर्ज विभागीय रेल्वेच्या मुख्य वाणिज्य व्यवस्थापकांकडे, परतावा विभागाकडे जातो. मध्य रेल्वेचं मुख्यालय मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला आहे, पश्चिम रेल्वेचं चर्चगेटला. आपला अर्ज नेमका कुठे पाठवायचा ते पावती घेतानाच विचारून लिहून घ्या.

अर्जात काय लिहावं?

कमी लिहावं. सहल किती महत्त्वाची होती, मुलं किती हिरमुसली, हे तिथे कामाचं नाही. वाचणाऱ्याला पीएनआर, वेळा आणि रस्ता बंद असल्याचा पुरावा हवा असतो. असा मसुदा चालतो:

> प्रति,
> मुख्य वाणिज्य व्यवस्थापक (परतावा),
> मध्य रेल्वे, मुंबई
>
> विषय: गटाच्या सात आरक्षित तिकिटांच्या परताव्याबाबत
>
> महोदय,
> आमच्या विद्यालयाच्या 42 विद्यार्थी व शिक्षकांसाठी दिनांक ____ रोजी पुणे ते हैदराबाद, गाडी क्रमांक ____, स्लीपर वर्गाची तिकिटं ____ आरक्षण केंद्रावरून काढली होती. दिनांक ____ रोजी पुरामुळे ____ ते ____ हा रस्ता वाहतुकीस बंद होता. त्यामुळे स्टेशनवर किंवा आरक्षण केंद्रावर मुदतीत पोहोचता आलं नाही. सातही तिकिटं दिनांक ____ रोजी ____ स्टेशनवर जमा करून टीडीआर घेतले आहेत.
>
> पीएनआर, प्रवासी संख्या, भरलेली रक्कम आणि टीडीआर क्रमांक सोबतच्या तक्त्यात दिले आहेत. रस्ता बंद असल्याचा तहसील कार्यालयाचा दाखला जोडला आहे. नियमानुसार देय परतावा संस्थेच्या खात्यात जमा करावा, ही विनंती.
>
> सोबत: मूळ टीडीआर 7, तिकिटांच्या छायाप्रती, पीएनआरचा तक्ता, दाखला, रद्द केलेला धनादेश

टीडीआरच्या छायाप्रती काढल्याशिवाय मूळ पाठवू नका. टपालाने पाठवलं तर पोचपावतीसह, हाताने दिलं तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेऊन. पुढच्या चौकशीत तुमच्याकडे तेवढाच आधार असतो.

गाडी रेल्वेनेच रद्द केली तर?

मग कपात नाही, क्लर्केजही नाही, पूर्ण भाडं परत. खिडकीचं तिकीट गाडीच्या ठरलेल्या दिवसानंतर तीन दिवसांच्या आत द्यायचं, ई-तिकिटाचे पैसे आपोआप येतात. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिराने सुटणार असेल आणि तुम्ही जायचंच नाही असं ठरवलं, तरी गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी तिकीट दिल्यास पूर्ण भाडं मिळतं.

पावसाळ्यात याचा विचार जरूर करावा. कोकण किंवा घाटातली गाडी असेल, रुळांवर पाणी असल्याच्या बातम्या येत असतील, आणि सहल त्यासाठीच पुढे गेली असेल, तर रेल्वे गाडी रद्द करण्याची शक्यता तुमच्या कपातीच्या रेषेशी ताडून बघा. तुम्ही स्वतः आधी रद्द केलं आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेने गाडीच रद्द केली, तर गेलेली कपात सहसा परत येत नाही. मात्र नुसत्या अंदाजावर 12 तासांची रेषा ओलांडून बसणंही बरं नव्हे. स्वस्त स्लीपरच्या गटाला 12 तासांपर्यंत थांबायला काही खर्च येत नाही, हे वर बघितलंच.

सहल ठरल्या दिवशीच आहे, पण काही मुलं येत नाहीत. त्यांच्या जागी दुसरी मुलं जातील का?

मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थेच्या प्रमुखाने गाडीच्या 48 तास आधी लेखी विनंती केली, तर एका विद्यार्थ्याचं आरक्षण त्याच संस्थेच्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावे होतं. गटाच्या दहा टक्क्यांपर्यंतच नावं बदलतात आणि तेही एकदाच. 42 च्या गटात चार नावं. हे रद्द करण्यापेक्षा केव्हाही स्वस्त.

विद्यार्थी सवलतीत तिकिटं काढली होती. परताव्यात फरक पडतो का?

किमान कपात भाडं बघून कमी होत नाही, त्यामुळे सवलतीच्या तिकिटावर ती जास्त बोचते. निम्म्या भाड्याच्या स्लीपर तिकिटावरही 120 रुपयेच जातात. शिवाय सवलतीचा मूळ फॉर्म तिकीट काढताना खिडकीवर जमा झालेला असतो, म्हणून पुढच्या तारखेच्या तिकिटांसाठी नवा फॉर्म, नवी सही, नवा शिक्का लागतो. सहल पुढे गेल्याचं कळताच शाळेने ही तयारी सुरू करावी. नाहीतर नव्या तारखेचं आरक्षण उघडतं तेव्हा कागद तयार नसतात.

एक तिकीट हरवलं आहे.

हरवलेल्या तिकिटावर परतावा मिळत नाही. चार्ट लागण्यापूर्वी कळवलं तर दुय्यम तिकीट मिळतं, स्लीपर आणि द्वितीय श्रेणीला माणशी 50 रुपये आणि वरच्या वर्गांना 100 रुपये भरून. पीएनआर माहीत असणं गरजेचं, म्हणून तिकिटं हातात आली त्याच दिवशी सगळ्यांचे फोटो काढून दोघा-तिघांकडे ठेवा.

तिकिटं एजंटाकडून काढली होती. पैसे कुणाकडे येतील?

अधिकृत एजंटाने ई-तिकीट काढलं असेल तर परतावा एजंटाच्याच खात्यात जातो. रद्द करताना प्रवाशाच्या मोबाइलवर ओटीपी आणि परताव्याची नेमकी रक्कम येते. तो संदेश पुसू नका. एजंट «एवढेच आले» म्हणाला तर रक्कम त्याच्याशी पडताळता येते. रद्द करायला सांगण्यापूर्वी तिकिटावर मोबाइल क्रमांक आपलाच आहे ना, हे बघा. तिथे एजंटाचाच क्रमांक असेल तर तुम्हाला काहीच कळणार नाही. ई-तिकिटावरचं सुविधा शुल्क कुणालाच परत मिळत नाही.

खिडकीवर पैसे रोख मिळतात का?

रोख भरले असतील तर रोख, कार्डाने किंवा यूपीआयने भरले असतील तर त्याच खात्यात. गटाचे पैसे कुणा एका शिक्षकाच्या यूपीआयवरून भरले असतील तर ते परत त्यांच्याच खात्यात येतील, संस्थेच्या नाही. हे आधी सगळ्यांना सांगून ठेवलेलं चांगलं. प्रत्येक तिकिटाची रद्दीकरण पावती वेगळी मिळते. खिडकीवरून हलण्यापूर्वी सातही पावत्यांवरची कपात आपल्या तक्त्याशी जुळते का बघा, विशेषतः मिश्र तिकिटाची.

दावा फेटाळला किंवा उत्तरच आलं नाही तर?

आधी 139 वर किंवा रेलमदत या रेल्वेच्या तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. त्यानेही काही हललं नाही तर भाड्याच्या परताव्याचे दावे ऐकण्यासाठी 1987 च्या कायद्याने रेल्वे दावा न्यायाधिकरण नेमलेलं आहे. महाराष्ट्रात त्याची पीठं मुंबईला आणि नागपूरला आहेत. चार-पाच हजारांसाठी तिथवर जावं का, हे गटाने बसून ठरवावं. रेल्वेची चूक कागदावर स्पष्ट दिसत असेल तर जावं, आपली मुदत हुकली असेल तर जाऊ नये.

कापलेले पैसे गटात कसे वाटायचे?

यावर रेल्वेचा नियम नाही, पण भांडणं इथेच होतात. आमचं मत ठाम आहे: सगळ्यांत समान. वरच्या उदाहरणात 4,320 रुपये 42 जणांत वाटले तर माणशी 103 रुपये येतात. पहिल्या तिकिटावरच्या माणसाचे 120 गेले आणि सातव्यावरच्याचे 60, पण कोण कोणत्या फॉर्मवर आलं हे फॉर्म भरणाऱ्याच्या सोयीने ठरलं होतं, प्रवाशाने नाही. सहल पुढे जाण्याआधीच जो स्वतःहून माघारी गेला, त्याचा हिशोब मात्र वेगळा करावा आणि त्याच्या तिकिटावर प्रत्यक्ष झालेली कपात त्याच्याच नावे टाकावी. परतावा मिळाला त्याच दिवशी सात पावत्यांचे फोटो आणि माणशी रक्कम गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका. नव्या तारखेसाठी पैसे ठेवून घ्यायचे असतील तर ज्याला परत हवेत त्याला तो पर्याय खुला ठेवा.